टिकणारं जेवण

बाईंनी अठ्ठावीस वर्षं कारखान्याच्या कँटीनमध्ये रोज चारशे माणसांना जेवू घातलं. एकाचंही पोट बिघडलं नाही. बिघडलं ते घरच्यांचं! आता याला काय म्हणायचं?

झालं असं, की गेल्या उन्हाळ्यात सगळं घर तळ्यावर दिवसभराच्या सहलीला निघालं. बाईंनी पहाटे भात केला आणि वाफाळता असतानाच डब्यात दाबून झाकण लावलं. कँटीनची सवय हो! तिथं भात शेगडीवर कढत राहायचा आणि तासाभरात फस्त व्हायचा. इथं डबा गाडीच्या डिकीत दुपारपर्यंत कोमट पडून राहिला. मेल्याला वाससुद्धा आला नाही. संध्याकाळी सहा जणांना उलट्या, आणि चार वर्षांच्या नातीला दोन दिवस सलाईन. सुनेनं कधी दोष दिला नाही. पण तेव्हापासून नातीनं आजीच्या हातचा घास खाल्ला नाही, आणि तिनं तो पुन्हा खावा, याखेरीज बाईंना दुसरं काही नकोच होतं.

म्हणून यंदाच्या सहलीची यादी त्या महिनाभर करत होत्या. भात नको, अंडी नकोत, दुधाचं काही नको, उकडलेला बटाटा तर नावालाही नको. जे गरम करावं लागत नाही आणि उन्हात नासत नाही, तेवढंच घ्यायचं. पाव, शेंगदाण्याचं लोणी, जॅम, भाजलेले चणे, अख्खी सफरचंदं. काकड्याही अख्ख्याच, चिरायच्या त्या तिथं गेल्यावर. एक डबा त्यांनी दिवसभर गच्चीवर उन्हात ठेवून पाहिला आणि संध्याकाळी स्वतः खाल्ला.

"आई, अहो, काय करताय हे?" मुलगा ओरडला.

"गप रे. काही झालं तर मलाच होईल ना!"

काही झालं नाही. बाई त्या रात्री गाढ झोपल्या.

तळ्यावर दुपारी ऊन मी म्हणत होतं. बाईंनी हात धुतले, चादर अंथरली, डबे उघडले. पाव मऊ होते, चणे कुरकुरीत. नात धावत आली आणि तिनं जॅम लावलेल्या पावाला हात घातला.

"अगं, तुझा डबा आणलाय ना मी," सून म्हणाली. आवाजात राग नव्हता. तिनं लेकीचा हात हलकेच बाजूला केला. "आजीचं नको, बाळा. पोट दुखतं."

"तुला हॉस्पिटल आठवतं ना?" हेही तिनं प्रेमानंच विचारलं.

नातीनं मान डोलावली आणि पाव खाली ठेवला. मुलानं दोन पाव घेतले, आईकडे न बघता भराभर संपवले. बाकीच्यांनी सफरचंदं खाल्ली, सोलून.

भांडायला काही जागाच नव्हती. सुनेनं वाईट काय केलं? आई होती ती. बाईंनाही ते कळत होतं, म्हणून तर रडूही येईना.

उरलेले डबे घरी आले. तिसऱ्या दिवशीही चणे कुरकुरीत होते. बाई स्वयंपाकघरात एकट्या बसून ते खात होत्या. काहीच बिघडलं नव्हतं.