आर बरोबर एक

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला मी गणितात हुशार होतो, आणि हे कुणाला विसरूही द्यायचो नाही. उथळ पाण्याला खळखळाट फार! नाशिकच्या होस्टेलवर माझ्या खोलीत एक सुरगाण्याकडचा मित्र होता. त्याचा एकच पेपर मागच्या वर्षीचा राहिला होता, तोच यंदा मलाही होता. तो सुटला की गावाकडच्या आश्रमशाळेत त्याची मास्तरकी पक्की होती.

"तेवढं पोलरचं, त्रिज्या-कोनातलं, समजावून दे ना," तो म्हणाला. झालं! माझ्यातला प्रोफेसर उठून बसला.

झेड या संमिश्र संख्येच्या फलनाचे दोन भाग, यू आणि व्ही. त्रिज्या आर, कोन थीटा. फलन डिफरन्शिएबल, म्हणजे विकलन होण्याजोगं, असायला दोन अटी लागतात, त्या मी पुस्तक न उघडता ऐटीत सांगितल्या. यूचं आरने विकलन बरोबर व्हीचं थीटाने. व्हीचं आरने विकलन बरोबर उणे यूचं थीटाने. थीटाच्या बाजूला आरने भागायचं असतं, ते मी साफ गिळलं होतं.

"तपासून बघू का?"

"बघ की! सोपं जावं म्हणून शेवटी आर बरोबर एक धरू."

आधी झेडचा एनवा घात घेतला. इकडे एन कोस एनथीटा, तिकडेही तेच. मग लॉग घेतला, म्हणजे यू झाला लॉग आर आणि व्ही झाला नुसता थीटा. इकडे एक, तिकडे एक. दुसऱ्या अटीत दोन्हीकडे शून्य. जुळणारच हो, एकने भागलं काय अन् न भागलं काय! पण मी कॉलर ताठ केली.

"आन आर दोन असला तर?" त्याने विचारलं.

मी भडकलो. "फाटे फोडू नकोस. पाठ कर मुकाट."

पेपरात नेमका लॉग आला, झेडच्या घातासकट; डिफरन्शिएबल आहेत का ते तपासा. आर तसाच ठेवला, तर इकडे एक भागिले आर आणि तिकडे नुसता एक. जुळेना! मग गिळलेला आर आठवला, गुपचूप भागलं आणि शेर होऊन बाहेर आलो.

तो व्हरांड्यात माझी वाट बघत होता.

"लॉगला जुळंनाच रे. मग आरनं भागून पाहिलं, तर जुळलं. घातालाबी जुळलं."

हुश्श! मी सुटलो असं मला वाटलं. "मग?"

"मग भागलेलं खोडलं. लिहिलं, लॉग डिफरन्शिएबल नाय. म्हटलं, आपलंच कायतरी चुकत आसंल, तू कशाला खोटं सांगशील? बरोबर केलं ना?"

माझ्या पेपरात काय लिहिलंय, ते सांगायला दोन शब्द पुरले असते.

"बरोबर केलंस," मी म्हणालो.