दुधाच्या पिशव्यांचा आवाज

आमी दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते दुधाच्या पिशव्या निवडायचं. बायको गावातल्या बचत गटात होती. गट सुका कचरा केंद्र चालवतो. कुणी घंटागाडीबरोबर फिरतं, कुणी निवडतं, कुणी दाबमशीनवर गठ्ठे बांधतं. विक्रीचा पैसा हजेरीप्रमाणं वाटतात. ती निवडायला असायची. प्लास्टिक चुरगाळून आवाजावरून ओळखायची. तिला घरी न्यायला गेलो की मलाही बसवायची.

ती गेली आणि महिन्यात भंगारवाल्यानं गठ्ठा परत पाठवला. दुधाच्या पिशव्यांत बिस्किटाचे चकचकीत कागद निघाले. गटाची अध्यक्षीण दारात आली.

"आवं तात्या, नव्या बाईला आवाज कळत न्हाई. तुमी शिकवा की."

"बायकांच्या गटात म्हातारा कशाला?"

"सभासद करत न्हाई तुमाला. मजुरी देऊ. फक्त तोंड कमी चालवा."

मी न्हाई म्हणालो. बायकोच्या जागेवर दुसरी कुणी बसलेली मला बघवणार नव्हती. रातभर जागाच पडून राहिलो. मग वाटलं, ती असती तर खराब गठ्ठा तिलाही बघवला नसता.

दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्रावर गेलो. नवी बाई बायकोच्याच जागी बसली होती. मी समोर बसलो, बिस्किटाचा कागद तिच्या कानाशी चुरगाळला आणि म्हणालो, "हा कडकड वाजतो. दुधाची पिशवी अशी वाजत न्हाई."