अकरा लाख लिटरचं पत्रक

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. बाबा वाळूजच्या कारखान्यात होते, आम्ही बजाजनगरला राहायचो, आणि महिन्यातून एकदा तरी घरात ओल्या शाईचा वास असलेला गठ्ठा यायचा. मला स्वतःहून वाचता आलेला पहिला शब्द 'धिक्कार' होता, असं आई सांगते. बाबांचे पत्रकाचे नियम ठरलेले होते. वर एक आकडा, मोठ्या टायपात. खाली चार वाक्यं. 'साधारण', 'बहुधा', 'अंदाजे' हे शब्द व्यवस्थापनाच्या नोटिशीला शोभतात, पत्रकाला नाही. आणि एकदा छापलेलं मागं घ्यायचं नाही.

पुढं बाबा निवृत्त झाले आणि आम्ही पडेगावला सोळा घरांच्या एका सोसायटीत आलो. पार्किंगवर चार मजले. नळाला पाणी आठवड्यानं यायचं, आलं तर. संडास-मोरीसाठी बोअरची लाइन पहिल्यापासून वेगळी होती, पण बोअरला बारमाही दम लागलेला. मोटर अर्धा तास पाणी द्यायची आणि मग हवा ओढायची. मग लोक खालच्या हौदातून बादल्या भरून वर न्यायचे. चौथ्या मजल्यावरच्या मौशी एकट्या राहायच्या आणि त्यांचे दोन्ही गुडघे गेलेले होते. प्रत्येक मजल्यावर बादली टेकवायच्या, कठड्याला धरून उभ्या राहायच्या, परत उचलायच्या. मी दिसले तर मला बादली देत नसत. "तू तुझं लिही," म्हणायच्या.

मला चीड यायची ती पावसाळ्यात. बाहेर धो धो पाऊस, गच्चीवरचे पाइप गटारात भळभळ ओततायत, आणि मौशी जिन्यात बादली घेऊन उभ्या. हा अन्याय होता, आणि अन्यायावर काय करायचं हे मला लहानपणापासून माहीत होतं. मी पत्रक काढलं.

सोसायटीच्या कागदांत इमारतीचं क्षेत्रफळ सापडलं, सोळाशे चौरस मीटर. आपल्याकडं वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर पाऊस धरतात. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर, एवढं शाळेतलं आठवत होतं. गुणाकार केला आणि माझेच डोळे दिपले. 'अकरा लाख वीस हजार लिटर!' वर मोठ्या टायपात. खाली: 'एवढं पाणी आपण दरवर्षी गटारात सोडतो. अंगणाखाली तेवढी टाकी बांधा. बादली बंद करा.' बाबांनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले, "झकास. एकही शब्द काढायला नको." सोळा घरांत मी स्वतः वाटलं. मौशींनी ते दारातच वाचलं आणि एवढंच विचारलं, "व्हय गं, खरंच थांबंल का बादली?"

"थांबणारच," मी म्हणाले.

दोन दिवसांनी पहिल्या मजल्यावरच्या चाचांनी मला हाक मारली. चाचा पाटबंधारे खात्यात पाऊस मोजायच्या कामावर होते. नोकरी संपली तरी सवय सुटली नव्हती. आमच्या गच्चीच्या कोपऱ्यात त्यांचं पर्जन्यमापक होतं आणि पावसाळ्यात रोज सकाळी साडेआठला ते वर जाऊन मापात पाणी ओतून बघायचे. पोरं त्या पत्र्याच्या नळकांड्याला चाचांचा हुक्का म्हणायची.

माझं पत्रक त्यांच्या टेबलावर पडलेलं होतं. "बेटा, एक बात बता," ते म्हणाले. "पाऊस दुसऱ्या मजल्यावर बी पडतो का?"

"म्हणजे?"

"तिसऱ्यावर? स्वयंपाकघरात वगैरा?"

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. सोळाशे चौरस मीटर हे चारही मजल्यांचं मिळून बांधकाम होतं. पाऊस फक्त गच्चीवर पडतो. मी आमच्या इमारतीवर चार वेळा पाऊस पाडला होता.

चाचांनी टेप काढला आणि आम्ही गच्चीवर गेलो. जिन्याच्या खोलीचं छत धरून, वरून सरळ खाली बघितल्यासारखं मोजायचं, असं त्यांनी सांगितलं. उतार किंवा भिंतीची उंची मोजायची नाही. चारशे चौरस मीटर भरले. "गुणिले सातशे. दोन लाख ऐंशी हजार. आता यातलं बी सगळं हातात येत नाही. फरशी पिते, ऊन पितं, आणि पहिला पाऊस तर कबुतरांची मेहरबानी धुऊन आणतो, तो सोडूनच द्यायचा. शंभरातले ऐंशी धर."

दोन लाख चोवीस हजार. माझ्या आकड्याचा एक पंचमांश. गालांवर चपराक बसल्यासारखं झालं, पण मी हट्टानं म्हणाले, "ठीक आहे. मग दोन लाख चोवीस हजारांची टाकी बांधू."

"कहां?" चाचांनी कठड्यावरून खाली बोट दाखवलं. "अडीच मीटर खोल गेलो तरी नव्वद चौरस मीटरचा खड्डा. सहा-सात गाड्यांची जागा. अध्यक्ष ऐकतील?"

अध्यक्ष ऐकणार नव्हते हे मलाही माहीत होतं. ते सकाळीच जिन्यात भेटले होते. "पोरी, टाकी बांधायची की तलाव? होड्या बी सोडू मग," असं म्हणून हसले होते. सभा रविवारी होती. आकडा बघून सभेनं एकदा नाही म्हटलं असतं, की विषय पाच वर्षं तरी परत निघाला नसता. मौशींची बादली त्या एका 'नाही'वर अडकलेली होती.

खाली घरी आल्यावर चाचांनी कपाटातून वह्या काढल्या. शाळेच्या दोनशेपानी वह्या, प्रत्येक पावसाळ्याची एक. तारीख आणि पाऊस, बाकी काही नाही. "वर्षाचा पाऊस एकदम येतो का? नाही ना. मग टाकी वर्षाच्या पावसाएवढी कशाला? पाणी येत राहतं, आपण काढत राहतो. मधे जास्तीत जास्त किती साठतं, तेवढी टाकी."

आधी खर्च ठरवला. साठ माणसं, संडास आणि धुणंभांड्याच्या मोरीपुरते माणशी पंचेचाळीस लिटर, म्हणजे दिवसाला सत्तावीसशे. आमच्या गच्चीवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे हाती येणारं तीनशेवीस लिटर. मग एक वही उघडून मी रोजची गोष्ट मांडत गेले: आलं किती, गेलं किती, उरलं किती. बावीस मिलिमीटर पडला, सात हजार चाळीस लिटर आलं. त्या दिवशीचा खर्च जाऊन चार हजार तीनशे चाळीस उरलं. दुसऱ्या दिवशी कोरडं, उरलं सोळाशे चाळीस. तिसऱ्या दिवशी टाकी रिकामी.

"बघ," चाचा म्हणाले. "दो दिन में खलास."

पुढं एका पानावर सलग तीन दिवस झड होती: पस्तीस, पन्नास, अठ्ठावीस. माझी पेन्सिल पळायला लागली. तीन दिवसांचा खर्च वजा जाऊन टाकीत अठ्ठावीस हजार साठ लिटर. मग उघडीप, आणि परत उतरण.

तीन संध्याकाळ आम्ही हेच केलं. एक कमी पावसाचं वर्ष, एक मधलं, एक भरपूर पावसाचं. चाची पोह्यांच्या ताटल्या आणून वह्यांवर ठेवायच्या आणि चाचा दर वेळी ओरडायचे, "अगं, तो ऑगस्ट आहे!" दोन लाखांची टाकी तिन्ही वर्षांत निम्मीसुद्धा भरली नाही. दहा हजारांची प्रत्येक मोठ्या पावसाला वाहून जायची. तीस हजारांची चांगल्या वर्षात चार-पाच वेळा वाहिली, पन्नास हजारांची दोनदा. म्हणजे तीसवरून पन्नासवर जायचं ते वर्षातल्या दोन-तीन दिवसांसाठी.

"आणि वाहिलेलं?" मी विचारलं. थेंबही सोडायची माझी तयारी नव्हती.

"बोअरला. वाळू-खडीच्या गाळणीतून. पण आपला काळा खडक किती पिईल, ते त्याला विचारावं लागेल." दुसऱ्या दिवशी त्यांनी ते खरोखर विचारलं. एक टँकर बोअरमध्ये सोडायला लावला आणि घड्याळ लावून पाण्याची पातळी किती वेळात उतरते ते बघत बसले. शेवटी मान हलवली. "पितो. सावकाश पितो, लेकिन पितो."

तीस हजार लिटर. पाच मीटर लांब, तीन मीटर रुंद, दोन मीटर पाणी. एका गाडीच्या जागेपेक्षा जराशी जास्त जागा.

मला एवढा छोटा आकडा आवडेल असं कधी वाटलं नव्हतं. पण तो मी दिवसादिवसानं मांडला होता, त्यातला प्रत्येक दिवस खरा होता. अडचण एकच होती. या आकड्यात उन्हाळा नव्हता. वहीत टाकी ऑक्टोबरातच कोरडी व्हायची. आणि मी मौशींना 'थांबणारच' म्हटलं होतं.

शनिवारी मी बाबांना म्हणाले, "दुसरं पत्रक काढतेय. पहिलं चुकलं म्हणून."

बाबांनी चष्मा काढून पुसला. "मालकानं कधी काढलं नाही असं पत्रक," ते म्हणाले.

"म्हणूनच."

ते हसले आणि मजकूर वाचायला घेतला. 'साधारण' हा शब्द त्यात तीनदा होता. त्यांनी एक खोडला, दोन ठेवले.

पत्रकाच्या वर लिहिलं होतं: 'आधीचा आकडा चुकीचा होता. चूक माझी.' खाली टाकीचं माप, तीन वर्षांची मांडणी आणि शेवटची ओळ: 'पावसाळ्यात बादली बहुतेक दिवस थांबेल. उन्हाळ्यात या टाकीनं थांबणार नाही. बोअर थोडा जास्त टिकेल, पण किती, ते आज सांगता येत नाही.' मौशींना मी ते तोंडानं वाचून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि गुडघे चोळत म्हणाल्या, "चार महिने म्हणजे लई झाले की गं. बाराची आस कुणी धरली होती?"

सभेत अध्यक्षांनी दोन्ही पत्रकं शेजारी ठेवली. "अकरा लाखांची तीस हजारांवर आली. अजून एक पत्रक काढलं तर तांब्यात भागेल," ते म्हणाले, आणि सगळे हसले. मीही हसले. मग चाचांनी वह्या फिरवल्या. लोक आपापल्या आठवणीतला पाऊस त्यात शोधायला लागले. कुणी लग्नाच्या दिवसाचा शोधला, कुणी घरात पाणी शिरलं त्या दिवसाचा. दोघांना सोडून सगळ्यांचे हात वर गेले. त्या दोघांना आपापल्या गाडीची काळजी होती, आणि ती खरीच होती. त्यातल्या एकाची गाडी जिथं लागायची तिथंच आज टाकीचं झाकण आहे, आणि ती गाडी त्या झाकणाशेजारी, जरा तिरकी लागते.

पहिल्या पावसाळ्यात वहीतल्यासारखंच झालं. टाकी भरायची, पाणी बोअरच्याच लाइननं वर चढायचं, टाकी उतरायची, परत भरायची. मोठ्या पावसात जास्तीचं पाणी गाळणीत पडायचं, तो आवाज ऐकायला चाचा खुर्ची टाकून बसायचे. मौशींची पिवळी बादली त्यांच्या दाराशी उपडी पडलेली असायची. तिच्यावर त्या भाजी निवडायला ठेवायच्या. बोअर त्या वर्षी होळीनंतरही हवा न ओढता चालला. चाचा म्हणाले, एका वर्षावरून काही बोलायचं नाही. मी बोलले नाही.

मे महिन्यात बोअरनं परत हवा ओढली. सकाळी जिन्यात मौशी भेटल्या, हातात भरलेली बादली. माझा चेहरा बघून त्याच आधी बोलल्या.

"तोंड कशाला पाडतीस? मे महिन्याचं तू नाय म्हणली होतीस. नाय म्हणलं ते खरं निघालं."

आणि त्यांनी पहिल्यांदाच बादली माझ्या हातात दिली. "चल. तिसऱ्या मजल्यावर टेकव, मला बी बसू दे."