बालवाडीच्या बाईंच्या हाताचा फोटो

माझ्या दवाखान्यात एक मायक्रोस्कोप होता. तो नेहमी कापडाखाली झाकलेला असे. धूळ बसू नये म्हणून, असं मी कंपाउंडरला सांगायचो. खरं कारण असं की तो उघडायला मला वेळ नव्हता, आणि वेळ असला तरी अंगात त्राण नसायचं. पन्नासच्या दशकातलं ते मुलुंड. कारखाने वाढत होते, चाळी वाढत होत्या, आणि संध्याकाळी पाचनंतर माझ्या बाकांवर बसायला जागा उरत नसे. खोकला, हगवण, खरूज. जीभ दाखवा, बाटली आणलीय का, पुढचा या.

अशाच एका संध्याकाळी जवळच्या बालवाडीच्या बाई आल्या. मूळच्या कोकणातल्या, नवऱ्याची गिरणीतली नोकरी सुटलेली, घर बाईंच्याच पगारावर चाललेलं. पदर मागे सारून त्यांनी डावा हात पुढे केला. मनगट ते कोपर ह्यांच्यामध्ये तीन गोल चट्टे, साधारण रुपयाएवढे.

"सासूबाई म्हणतात पित्त उठलंय," त्या म्हणाल्या. "आमसुलाचं पाणी लावून लावून हात पार आंबट झाला, डॉक्टर. पण जातच नाही."

मी पेनाने तिन्ही चट्ट्यांभोवती रेघ काढली आणि दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं. पित्ताच्या गांधी एका जागी टिकत नाहीत. चोवीस तासांच्या आत एक विरते, दुसरी भलतीकडे उठते, आणि मागे कातडी होती तशी गुळगुळीत. बाईंचे चट्टे दुसऱ्या दिवशी रेघेच्या आत जसेच्या तसे बसले होते. म्हणजे सासूबाई चुकल्या. उरलं गजकर्ण किंवा इसब.

पुस्तकात हे दोन्ही वेगळे करणं सोपं असतं. गजकर्ण बाहेर पसरत जातं, त्यामुळे कड उंच आणि पापुद्र्यांची, मधली कातडी निवळत आलेली. नाण्यासारख्या इसबात सगळा चट्टा सारखाच खडबडीत, लसदार नाहीतर खपलीचा. पण खऱ्या हातावर खाजवणं असतं, आमसूल असतं, भांड्यांची राख असते. बाईंच्या हातावर मला दोन्ही दिसत होतं आणि धड एकही दिसत नव्हतं.

अशा वेळी करायचं काय ते मला ठाऊक होतं. कडेची कातडी खरवडायची, काचेवर घ्यायची, वर कातडी विरघळवणाऱ्या कॉस्टिक पोटॅशचा थेंब टाकायचा, थोडं थांबायचं आणि बुरशीचे धागे दिसतात का ते मायक्रोस्कोपखाली बघायचं. अर्ध्या तासाचंही काम नव्हे. बाहेर बाकावर एक मूल रडत होतं. मी कापड उचललं नाही.

तेवढ्यात बालवाडीच्या सेक्रेटरींची चिठ्ठी आली. कुणा पालकाने तक्रार केली होती. गजकर्ण असेल तर मुलांमध्ये नको. आठ दिवसांत तज्ज्ञाचं लेखी मत आणा. कॉलेजात मला सीनियर असलेले एक त्वचारोगतज्ज्ञ शहरातल्या मोठ्या इस्पितळात सकाळी बसत. बाईंना सकाळची रजा मिळेना. "फोटो पाठव, बघून कळवतो," असं सीनियर एकदा म्हणाले होते. मला ते फारच सोयीचं वाटलं.

स्टेशनजवळच्या स्टुडिओत मी स्वतः बाईंना घेऊन गेलो. स्टुडिओवाला हसला. "डॉक्टरसाहेब, माझ्याकडे लोक डाग घालवायला येतात. लग्नाच्या फोटोत एकही देवीचा वण ठेवत नाही मी."

"इथे एकही पुसायचा नाही," मी बजावलं. "उलट चांगला उठून दिसला पाहिजे."

हे वाक्य मी आजही विसरलेलो नाही.

फोटो आला तो असा की बघत राहावं. तीन सुरेख वर्तुळं, कड रेखीव. मी खूश झालो. बाईंना बोलावून त्यांच्या हाताशेजारी तो धरून बघावा, हे सुचलंही नाही. चट्टे चार दिवस जागेवरच आहेत, खाज आहे, एवढं लिहून लखोटा टाकला. उत्तर दोन वाक्यांचं आलं. कड स्पष्ट, मध्य मोकळा, फोटोवरून गजकर्ण वाटतं. पण खरवडून पाहिल्याशिवाय खात्री धरू नये.

पत्र आणि फोटो बालवाडीत गेले. सेक्रेटरींनी पहिलं वाक्य वाचलं. मी दुसरंही वाचलं होतं, म्हणून माझा गुन्हा मोठा. बाईंना घरी बसवलं. मी गजकर्णावरचं नेहमीचं झोंबणारं मलम दिलं.

दहा दिवसांनी त्या आल्या तेव्हा हाताला फडकं गुंडाळलेलं होतं. चट्टे पसरले होते, लस गळत होती. "आग आग होते, डॉक्टर. चुलीजवळ बसवत नाही," त्या म्हणाल्या. "पण लावत्येय हं. तुम्ही सांगितलंत ना." रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

त्या दिवशी मी रांग थांबवली आणि कापड काढलं. तीन जागी खरवडून पाहिलं, धागा नाही. मलमानेही बुरशी लपते, म्हणून मलम बंद करून आठ दिवसांनी पुन्हा पाहिलं. नाहीच. तोवर ओल्या पट्ट्यांनी लस थांबली होती. मग झिंकची शांत करणारी पेस्ट दिली आणि हात निवत गेला. इसब होतं.

बालवाडीतून फोटो दिवसभरासाठी मागून घेऊन मी स्टुडिओत गेलो. स्टुडिओवाल्याने तो कौतुकाने हातात घेतला. "तुम्हीच म्हणालात ना, उठून दिसू दे? कड जरा फिकी येत होती. बारीक ब्रशने शाई फिरवली, मधे थोडं उजळलं. मेहनत घेतली हां, साहेब." त्याने निगेटिव्हची मूळ काच दिव्यासमोर धरली. चट्टे कडेपासून मध्यापर्यंत सारखेच होते.

मी ओरडणार होतो. पण त्याने माझं ऐकलं होतं आणि आपलं काम मन लावून केलं होतं. आणि शाई नसती तरी काय? काळ्या-पांढऱ्या फोटोत लाली नाही. उजेड बाजूने आला की पुटकुळीचा डोंगर होतो, समोरून आला की डोंगर सपाट. बोट लावून बघता येत नाही, कालचा चट्टा आज कुठे गेला हे विचारता येत नाही. हे सगळं मला आधीच कळायला हवं होतं.

हात बरा झाल्यावर, नुसते तपकिरी वण उरले तेव्हा, मी बाईंबरोबर सेक्रेटरींकडे गेलो. गृहस्थ सौम्य होते. त्यांनी चहा मागवला. बाईंनी पदर सारला आणि हात टेबलावर ठेवला. सेक्रेटरींनी फाइल उघडली आणि फोटो काढला.

"पण हे बघा ना, बाई. इथे तर स्पष्ट दिसतंय."

मी शाईची हकिगत सांगितली. ते हसले. "म्हणजे आज शाई घालतात, उद्या पुसून देतात. आता कशावर विश्वास ठेवायचा, डॉक्टर? आणि नव्या बाई रुळल्यात आता. मुलांना लळा लागलाय."

हात टेबलावर तसाच होता. त्यांनी त्याच्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं. माझं डोकं तापलं. अहो, हात समोर आहे, हात बघा, असं ओरडण्यासाठी मी तोंड उघडलं. आणि तसंच मिटलं, कारण हेच मला दीड महिन्यापूर्वी कुणीतरी ओरडून सांगायला हवं होतं.

चहा आला. बाईंनी पदर पुढे ओढून हात झाकून घेतला आणि उजव्या हाताने कप उचलला.