फलकावरचा मे आणि जून

गोव्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयाची इमारत पुरी झाली, तेव्हा तिच्या इतिहासाचा फलक करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी चिटणीस, शिवाय घरात संगणक. मजकूर तयारच होता, जुन्या अहवालातला एक लांबलचक परिच्छेद. अध्यक्ष म्हणाले, "इतलें कोण वाचतलो गे? तारखेवार उबें कर."

मला असली कामं आवडतात. पसारा दिसला की हात शिवशिवतात. प्रत्येक तारखेपाशी एंटर मारला, तारीख ठळक केली, पुढे चार शब्द ठेवले. 'म्हणून', 'त्यामुळे', 'तोवर' सगळे उडवले. ज्या वाक्याला तारीख नव्हती, ते वाक्यच उडवलं. फलक कसा छान सुटसुटीत झाला! मी स्वतःवर खूश.

उद्घाटनाला आधीचे अध्यक्ष आले. माझ्या वडिलांचे मित्र, आम्ही त्यांना काका म्हणतो. त्यांनी फलक वाचला, चष्मा पुसून परत वाचला आणि चहा न घेताच गेले. वय झालं, थकले असतील, असं मी धरून चालले.

मग फलकापाशी दोन बायका बोलताना ऐकलं. "पळे, मे म्हयन्यांत काका अध्यक्ष जाले आनी जूनांत काम बंद. नवो अध्यक्ष आयलो, तेन्ना इमारत पुराय जाली."

मी तशीच निघाले. घरी जाऊन परिच्छेद पुन्हा काढला. ठेकेदार काम अर्धवट टाकून पळाला, कोणी पुढे येईना, म्हणून काकांनी पद घेतलं होतं. पाऊस तोंडावर होता, त्यामुळे पावसाळाभर काम बंद ठेवायचं ठरवून त्यांनी सिमेंट स्वतःच्या पडवीत हलवलं. दिवाळीनंतर नवा ठेकेदार शोधून भिंती उभ्या केल्या. ठेकेदार कधी पळाला, काम परत कधी सुरू झालं, याच्या नेमक्या तारखा अहवालात नव्हत्या. त्यामुळे दोन्ही गोष्टी मी गाळल्या होत्या. राहिले ते मे आणि जून, एकाखाली एक. एकही तारीख चुकली नव्हती, हेच जास्त लागलं. लाज वाटली मला, खूप.

पेडण्याला जाऊन नवा फ्लेक्स छापून आणला. प्रत्येक ओळीत कारण घातलं. जिथे तारीख नव्हती तिथे 'पावसाळ्यापूर्वी', 'दिवाळीनंतर' असं लिहिलं. जुना फलक उतरवला आणि नवा आधी काकांच्या घरी नेला. सोप्यावर बसून त्यांनी तो सावकाश वाचला.

"काका, म्हजें चुकलें," मी म्हणाले.

"आतां बरोबर आसा." मग त्यांनी विचारलं, "पयलो काडलो?"

"काडलो."

"आनी जे तो वाचून गेले, तांकां कोण सांगतलो?"

मी खाली बसून फ्लेक्स गुंडाळू लागले. तो सुरकुतू नये म्हणून काकांनी दुसरं टोक धरून ठेवलं.