पावणेतेरा फूट

दिग्रसच्या त्या कापडाच्या दुकानात मी टेप घेऊन पोचले, तेव्हा मिस्त्री मधली भिंत पाडायला तिचा गिलावा उडवत होता. आहे त्या इमारतीचा नकाशा झाल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही, असं मी मालकांना बजावलं होतं. माझं डोकंच फिरलं.

"कायले भेऊन राह्यल्या मॅडम," मालक म्हणाले. "वरच्या खोलीची भिंत हिच्यावर नाहीच. रस्त्याकडच्या भिंतीपासून खाली बारा फूट भरते, वर पावणेतेरा. म्या सोता मोजलं."

मिस्त्रीला थांबवून मी दोन्ही मापं पुन्हा घेतली. त्यांचे आकडे बरोबर निघाले. मिस्त्रीने हातोडा परत उचलला.

"अजून हात लावू नका," मी म्हणाले आणि रस्त्याकडच्या खिडकीत टेप आडवा धरला. भिंतीची जाडी अठरा इंच. तशीच वर धावले. मालकांचे वडील मधल्या भिंतीला लावलेल्या पलंगावर पडले होते. वरच्या खिडकीत जाडी नऊच इंच भरली. बाहेरून दोन्ही मजले एका ओळंब्यात होते. म्हणजे वरची खोली आतून नऊ इंच जास्त भरणारच.

खाली येऊन मी दोन्ही मजले बाहेरच्या कडेपासून मोजून एकावर एक काढले. भिंत बरोबर भिंतीवर आली. खाली बीम कुठेच नव्हता; वरच्या भिंतीचा सगळा भार हिच्यावरच होता.

मालक कागदाकडे बघत राहिले. वरून खोकल्याचा आवाज आला.

"बाबूजी उठले वाट्टे," ते हळूच म्हणाले, आणि मिस्त्रीच्या हातातला हातोडा त्यांनी स्वतःच काढून घेतला.