मागायला न आलेलं डिपॉझिट

मुलुंडच्या एका लग्नाच्या हॉलचं ऑडिट माझ्याकडे होतं. तिथे लोक भाड्याचा अ‍ॅडव्हान्स देतात आणि मोडतोडीपोटी वेगळं डिपॉझिट ठेवतात. कार्य पार पडलं की भाडं हॉलचं उत्पन्न होतं. डिपॉझिट मात्र परत करेपर्यंत देणंच राहतं. मी पावत्यांवरून एकेक डिपॉझिट हिशेबात शोधत गेले, तर काही जुनी देण्यांमध्ये सापडेनात. मालकांनी ती उत्पन्नात धरली होती.

"मॅडम, इतके दिवस कोणी मागायलाच आलं नाही ना!"

"म्हणून ते तुमचं होत नाही. कार्य रद्द झालं तरी डिपॉझिट परत, असं तुमच्याच अटींत आहे."

मालक वैतागले, पण माझ्यासमोरच त्यांनी स्पीकरवर पहिला फोन लावला. पलीकडे नवरीचे वडील होते.

"लग्न मोडलं हो," ते म्हणाले. "मग त्या हॉलची पायरी चढवेना."

मालकांचा आवाज एकदम खाली आला. "काका, मी चेक घरी पाठवतो."

मागायला न येण्यामागे असं काही असेल, हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मुलगी स्वतःच आली. चेक घेऊन तिने सही केली आणि विचारलं, "हॉल आतून बघू का? तेव्हा फक्त बाबांनी बघितला होता."

मालकांनी सगळे दिवे लावून दिले. ती रिकाम्या स्टेजसमोर थोडा वेळ उभी राहिली आणि हसून निघून गेली. मालकांनी उरलेली डिपॉझिटं पुन्हा देण्यांत घ्यायला सांगितलं आणि पुढचा नंबर फिरवला.